शेतकरी उत्पादक कंपनी की सहकारी संस्था: भांडवल कुठून येते आणि कारभार कोणाच्या हाती राहतो

औसा तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळासमोर बैठक चालू होती. सोयाबीन एकत्र करून थेट तेल कारखान्याला विकायचे, एवढे ठरले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण शेतकरी उठला आणि म्हणाला, "साहेब, माझे मेहुणे पुण्याला असतात, चांगल्या पगारावर आहेत. ते वीस लाख घालायला तयार आहेत. त्यांना चाळीस टक्के देऊ, बाकीचे आपण घेऊ." बैठकीत आनंदाची कुजबुज झाली. मला मात्र त्यांना सांगावे लागले की, मेहुणे स्वतः शेती करत नसतील, तर त्यांचा एक रुपयाही शेतकरी उत्पादक कंपनीच्या भागभांडवलात घेता येणार नाही.

सोसायटी काढावी की कंपनी, असे नव्याने सुरुवात करणारे विचारतात, तेव्हा मी उलट दोन प्रश्न विचारतो. पैसा कोणाकडून येणार आहे? आणि चुकीचा कारभार झाला, तर तो थांबवणार कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे सहकारी संस्थेत एक आहेत आणि उत्पादक कंपनीत दुसरी आहेत. पुढचे टप्पे त्याच अंगाने वाचावेत.

पहिला टप्पा: आपण कोणत्या कायद्याखाली जात आहोत, हे समजून घ्या

महाराष्ट्रातली सहकारी संस्था राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदते आणि तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकांचा अधिकार चालतो. उत्पादक कंपनी मात्र केंद्राच्या कंपनी कायद्याखाली नोंदते. डॉ. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २००२ मध्ये जुन्या कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ पासून अशा कंपन्या नोंदवता येऊ लागल्या. २०२० च्या दुरुस्तीने ही तरतूद २०१३ च्या कायद्यात 'एकवीस-अ' या प्रकरणात आली. सहकाराची तत्त्वे राहावीत, पण दैनंदिन कामात सरकारी हस्तक्षेप नसावा, हा या रचनेमागचा हेतू होता. त्यामुळे ही कंपनी कायद्याने खासगी कंपनीसारखी धरली जात असली, तरी तिच्या सभासदसंख्येला वरची मर्यादा नाही आणि तिचे सगळे सभासद उत्पादक किंवा उत्पादकांच्या संस्था असावे लागतात.

दोन्हीकडे किमान दहा व्यक्तींपासून सुरुवात करता येते. इथेच एक फरक आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सहकारी संस्थेचे ते दहा जण वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात, तर उत्पादक कंपनीच्या कायद्यात तशी अट नाही. एकाच वाड्यातल्या दहा सातबाऱ्यांवरही कंपनी उभी राहू शकते आणि प्रत्यक्षात तशा कंपन्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. तुम्ही एखाद्या तयार कंपनीचे सभासद होणार असाल, तर पैसे भरण्याआधी संचालकांची यादी मागून घ्या आणि त्यातली आडनावे व पत्ते वाचा.

दुसरा टप्पा: नोंदणी, आणि तिच्या आधी नियमावली

नोंदणीचे काम आता ऑनलाइन होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर `SPICe+` या अर्जाच्या पहिल्या भागात नाव राखून ठेवायचे असते आणि दुसऱ्या भागात संस्थापक, संचालक, नोंदणीकृत पत्ता यांची माहिती भरायची असते. नावाच्या शेवटी 'प्रोड्युसर कंपनी लिमिटेड' हे शब्द यावेच लागतात. संचालकांच्या डिजिटल सह्या आणि प्रत्येक सभासद उत्पादक असल्याचा पुरावा, म्हणजे बहुधा सातबारा किंवा तलाठ्याचा दाखला, आधीच तयार ठेवावा. प्रमाणपत्र हाती आल्यावर संस्थापकांनी शेअरचे पैसे कंपनीच्या बँक खात्यात खरोखर भरावेत आणि १८० दिवसांच्या आत `INC-20A` हा अर्ज भरून ते कळवावे. हा अर्ज भरल्याशिवाय कंपनीला व्यवसाय सुरू करता येत नाही.

ही कागदपत्रे सी.ए. किंवा कंपनी सचिव करून देतात. मात्र नियमावली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आर्टिकल्स', त्यांच्यावर सोपवून मोकळे होऊ नका. सहकारी संस्थेत बहुतेक वेळा खात्याच्या आदर्श उपविधी स्वीकारल्या जातात आणि त्यांत बदल करायचा, तर निबंधकांची मंजुरी लागते. कंपनीची नियमावली तुमची तुम्हीच लिहायची असते. भाग किती रुपयांचा असेल, एका सभासदाने किती भाग घ्यावेत, भांडवलावर जास्तीत जास्त किती परतावा मिळेल, मालाच्या किमतीतली रक्कम रोखून ठेवता येईल का, वर्षाला किती माल दिला म्हणजे सभासद 'सक्रिय' धरला जाईल आणि मतदानाचा हक्क फक्त सक्रिय सभासदांनाच असेल का, हे सगळे त्यात लिहिलेले असावे लागते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कंपनीची नियमावली उतरवून घेतली, की हेच मुद्दे कोरे राहतात. पुढे त्यांत बदल करायचा, तर सर्वसाधारण सभेत विशेष ठराव लागतो.

तिसरा टप्पा: भांडवलाचे गणित

सहकारी संस्थेकडे पैसा येण्याच्या वाटा जास्त आहेत. सभासदांच्या भागांसोबत राज्य सरकार स्वतः भागधारक होऊ शकते. महाराष्ट्रातले साखर कारखाने आणि सूतगिरण्या शासकीय भागभांडवलाच्या आधारानेच उभ्या राहिल्या. जिल्हा मध्यवर्ती बँक आणि राष्ट्रीय सहकारी विकास निगम यांची कर्जे सहकाराच्या रचनेला धरूनच आखलेली असतात. या आधारासोबत नियंत्रणही येते, आणि त्याकडे पुढच्या टप्प्यात वळू.

उत्पादक कंपनीचे भागभांडवल केवळ समभागांचे असते आणि ते फक्त उत्पादक सभासदांकडे असू शकते. हे भाग बाजारात विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या परवानगीने दुसऱ्या सक्रिय सभासदाकडे ते वर्ग करता येतात, तेही दर्शनी किमतीलाच. कंपनीची मालमत्ता दहा पटीने वाढली, तरी शंभर रुपयांचा भाग वर्ग करताना शंभर रुपयेच मिळतात. पुण्याच्या मेहुण्यांना इथे जागा का नाही आणि जागा असती तरी त्यांना नफा का झाला नसता, याचे उत्तर यातच आहे. ज्याचा कंपनीच्या धंद्याशी स्पर्धा करणारा धंदा आहे, अशा व्यक्तीलाही सभासद होता येत नाही. तेव्हा गावातला आडत्या कितीही भला असला, तरी त्याला कंपनीत घेता येत नाही.

आता एक हिशेब सविस्तर करू. ही कंपनी कल्पित आहे, पण आकडे लातूर भागात सहज दिसतील असेच धरले आहेत. सभासद ३०० आहेत आणि प्रत्येकाने शंभर रुपयांचे वीस भाग घेतले आहेत. म्हणजे प्रत्येकी २,००० रुपये आणि एकूण ६ लाख. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्राची योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद असलेल्या संस्थेला सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि संस्थेमागे १५ लाखांपर्यंत जोड अनुदान ठेवलेले होते. असे अनुदान पूर्ण मिळाले असे धरले, तर आणखी ६ लाख जमा होतात. ते सभासदांच्या नावे भाग म्हणून चढतात आणि एकूण भांडवल १२ लाख होते. पंधरा लाखांचे अनुदान पूर्ण मिळवायचे, तर प्रत्येकी २,००० भरणारे ७५० सभासद लागतात, हे आधीच लक्षात घ्यावे. कागदावर ३०० नावे आणि खात्यात पन्नास जणांचे पैसे अशी स्थिती असेल, तर अनुदानही पन्नास जणांपुरतेच राहते.

सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,५०० रुपये धरला, तर १२ लाखांत एका वेळी सुमारे २६६ क्विंटल घेता येते, म्हणजे साधारण एक मोठा ट्रक. शेतकऱ्याला पैसे मापाच्या दिवशी हवे असतात आणि कारखाना पैसे पंधरा दिवसांनी देतो. म्हणजे महिन्याला दोन ट्रक, आणि दिवाळीच्या आगेमागे तीन महिन्यांचा हंगाम धरला, तर सहा ट्रक, सुमारे १,६०० क्विंटल. तीनशे शेतकऱ्यांकडे विभागले, तर माणशी पाच-साडेपाच क्विंटल येते. उरलेले सोयाबीन सभासद आडतीवरच नेणार. कंपनी मंदावते ती बहुधा इथे. माल असतो, ग्राहक असतो, पण दोन ट्रकांच्या मधले पंधरा दिवस भरून काढायला पैसा नसतो. नॅबकिसानसारखी वित्तसंस्था खेळत्या भांडवलासाठी कर्ज देते, आणि केंद्राच्या वरच्या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जासाठी पतहमीची सोय ठेवलेली होती. पण कर्ज देणारा आधी सभासदांनी स्वतः किती भरले आहे, ते पाहतो.

अशा वेळी कायद्यातली एक सोय उपयोगी पडते, आणि माझ्या मते तिचा वापर फार थोड्या कंपन्या करतात. माल घेताना संचालक मंडळ ठरवेल तेवढीच किंमत शेतकऱ्याला सुरुवातीला देता येते. बाकीची रक्कम कंपनी रोखून ठेवते आणि नंतर ती रोख, वस्तुरूपात किंवा भागांच्या रूपात, ज्याने जेवढा माल दिला त्या प्रमाणात देते. उसाच्या बिलातून प्रतिटन ठेव कापण्याची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. हे बरेचसे तसेच आहे, फक्त इथे कापलेली रक्कम सरळ भागभांडवल होऊ शकते. आपल्या उदाहरणात क्विंटलला ५० रुपये रोखले, तर हंगामाअखेर ८०,००० रुपये जमतात. चाळीस क्विंटल दिलेल्या सभासदाचे त्यात २,००० रुपये असतात आणि त्याच्या नावे आणखी वीस भाग चढतात. ज्याने एक क्विंटलही दिले नाही, त्याचे भाग तेवढेच राहतात. मधेच भाव कोसळला, तर हीच रक्कम कंपनीला पहिला धक्का सोसायला मदत करते. मात्र हे हंगामाच्या आधी सभेत सांगितलेले असावे, पावतीवर 'रोखलेली रक्कम' असा वेगळा रकाना असावा आणि भाग दिल्यावर `PAS-3` हे विवरण वेळेत भरलेले असावे. शेतकऱ्याला ही कपात मापाच्या दिवशी पहिल्यांदा कळली, तर पुढच्या आठवड्यात त्याचा ट्रॅक्टर आडतीकडे वळतो आणि त्यात त्याची काही चूक नसते.

वर्षाअखेरच्या नफ्याची विभागणीही याच विचाराने होते. आपल्या कंपनीला २ लाख ४० हजार उरले असे धरू. सर्वसाधारण राखीव निधी ठेवणे बंधनकारक आहे, म्हणून त्यात ६०,००० टाकले. नियमावलीत परताव्याची कमाल मर्यादा सहा टक्के लिहिली असेल, तर १२ लाखांवर ७२,००० गेले. उरलेले १ लाख ८ हजार रुपये सहभागानुसार, म्हणजे १,६०० क्विंटलांवर वाटले, तर क्विंटलला ६७ रुपये ५० पैसे पडतात. चाळीस क्विंटलवाल्याला २,७०० रुपये मिळतात आणि तेही रोख की भागांच्या रूपात, हे सर्वसाधारण सभा ठरवते. सहकारी संस्थेत लाभांशाची १५ टक्क्यांची मर्यादा आणि नफ्याच्या किमान चौथ्या हिश्श्याचा राखीव निधी ही बंधने कायद्यातच आहेत. कंपनीत परताव्याची मर्यादा तुमची नियमावली ठरवते, म्हणून ती लिहिताना घाई करू नये.

मोठे भांडवल उभे करण्याची वेळ आली, तर काय करायचे? दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्मर्स प्रोड्युसर कंपनीने त्याची एक वाट दाखवली. विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या या समूहात २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. हे पैसे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत घेताच आले नसते. ते आले सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर लिमिटेड या वेगळ्या कंपनीत. तिच्यात बाहेरचा गुंतवणूकदार भागधारक होऊ शकतो. वाट चांगली आहे, पण ती नव्या कंपनीसाठी नाही. अशा जोडकंपनीत मताचे वजन भागांवर ठरते. तिथे शेतकऱ्यांचा हिस्सा किती राहील, हे करार करतानाच नीट बांधून घ्यावे लागते, आणि त्यासाठी चांगला वकील व अनेक वर्षांचा चोख हिशेब हाताशी असावा लागतो.

चौथा टप्पा: कारभार

मताच्या बाबतीत दोन्ही रचना सारख्या आहेत. वीस भाग असोत की दोन हजार, व्यक्तिगत सभासदाला मत एकच. फरक आहे तो देखरेखीत.

सहकारी संस्थेच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली होतात, समिती २१ जणांपेक्षा मोठी नसते आणि मुदत पाच वर्षांची असते. गैरव्यवहाराची तक्रार आली, तर निबंधक चौकशी लावू शकतात, दोषींकडून रक्कम वसूल करण्याचा आदेश देऊ शकतात, आणि ठरावीक परिस्थितीत समिती बाजूला सारून प्रशासकही नेमू शकतात. या अधिकाराचा राजकारणासाठी गैरवापर होतो, अशी तक्रार आपल्याकडे जुनी आहे आणि ती निराधार नाही. पण त्याच अधिकारामुळे गावातला साधा सभासद तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे एक अर्ज देऊन दाद मागू शकतो.

कंपनीत असे कोणी येत नाही. किमान पाच आणि कमाल पंधरा संचालक असतात, त्यांची निवड सभासद करतात आणि मुदत एक ते पाच वर्षांच्या दरम्यान नियमावलीप्रमाणे ठरते. नोंदणीपासून ९० दिवसांत संचालकांची निवडणूक आणि पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो आणि तो सभासदांपैकी नसावा, असे कायदा सांगतो. गावात हा नियम अनेकांना खटकतो, कारण पगार बाहेरच्याला जातो. पण सोयाबीनचा ओलावा किती धरायचा, हे ठरवणारा माणूस स्वतः सोयाबीन विकणारा नसावा, यात शहाणपण आहे. सभासदांमधला वाद सामोपचाराने किंवा लवादाकडे सोडवायचा असतो. संचालकांविरुद्ध मोठी दाद मागायची, तर कंपनी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याला मुंबईला जावे लागते आणि हा खर्च अल्पभूधारकाला परवडणारा नसतो.

म्हणून कंपनीत खरी देखरेख सर्वसाधारण सभेतच व्हायला हवी. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश हजेरी लागते. तीनशे सभासदांसाठी ही संख्या ७५ आहे, हजारांसाठी २५०. एका सभेला मी स्वतः हजेरीपट मोजला होता. सभागृहात ४१ माणसे बसली होती आणि वहीत सह्या ८३ होत्या. उरलेल्या सह्या आदल्या आठवड्यात घरोघरी फिरून घेतलेल्या होत्या. त्या सभेत एका संचालकाच्या भावाला आगाऊ रक्कम द्यायचा ठराव मंजूर झाला. संचालक किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज वा आगाऊ रक्कम द्यायची, तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच वहीत सह्यांची संख्या पूर्ण केलेली होती. दोन वर्षांनी ती रक्कम बुडाली, तेव्हा कोणत्याही सभासदाकडे त्या ठरावाची प्रत नव्हती. तेव्हापासून मी सांगत आलो आहे की सभा बाजाराच्या दिवशी ठेवू नये, हजेरी सभा सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर मोजून आकडा मोठ्याने वाचावा आणि ठरावांचा मसुदा नोटिशीबरोबर चौदा दिवस आधी घरी पोहोचवावा.

पाचवा टप्पा: वर्षभराची शिस्त

कंपनीला दर वर्षी लेखापरीक्षित ताळेबंद `AOC-4` मध्ये आणि वार्षिक विवरण `MGT-7` किंवा लहान कंपनी असेल, तर `MGT-7A` मध्ये भरावे लागते. उशीर झाला, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये दंड चढत जातो आणि त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन आर्थिक वर्षे ही विवरणे भरली नाहीत, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. एका कंपनीतल्या दहाही संचालकांवर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. धंदा झाला नाही म्हणून विवरण भरायची गरज नाही, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. धंदा शून्य असला, तरी विवरण भरावेच लागते. नोंदणीनंतर वर्षभरात व्यवसायच सुरू झाला नाही, तर कंपनीचे नाव काढून टाकण्याची कारवाईही होऊ शकते.

तुमची कंपनी या मार्गावर नाही ना, हे ओळखण्यासाठी ताळेबंद वाचता येण्याची गरज नाही. दर हंगामाअखेर तीन कागद मागा: कोणत्या सभासदाने किती माल दिला याची यादी, भागधारकांची नोंदवही आणि बँक खात्याचा उतारा. यादीतल्या मालातला बहुतेक माल संचालकांच्याच घरांतून आलेला दिसला, किंवा नोंदवहीतल्या तुमच्या भागांचा आकडा तुमच्या पावतीशी जुळला नाही, तर तो प्रश्न पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत लेखी मागणी करून घालावा.

कोणत्या गटाने काय निवडावे

शासकीय भागभांडवलाशिवाय उभाच राहणार नाही असा मोठा प्रक्रिया प्रकल्प असेल, किंवा सभासदांना जवळच्या सरकारी कार्यालयात दाद मागता येणे फार गरजेचे वाटत असेल, तर सहकारी संस्था अजूनही योग्य आहे, आणि उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेने तिलाही सामावून घेतले होते. माल गोळा करणे, प्रतवारी, साठवण आणि थेट विक्री हे काम असेल, सभासद स्वतःच्या मालातून भांडवल वाढवायला तयार असतील आणि निदान पाच-सहा जण हिशेब समजून घेण्यासाठी वेळ देणारे असतील, तर कंपनी निवडावी. औशाच्या त्या बैठकीत शेवटी १४ जणांनी त्याच दिवशी प्रत्येकी २,००० रुपये भरले. मेहुण्यांकडून त्यांनी भांडवल घेतले नाही, पण त्यांना सोयाबीनची चाळणी आणि ओलावा मोजायचे यंत्र भाड्याने घेण्याचा खर्च काढून द्यायला सांगितले, आणि ते काम त्यांनी आठवडाभरात करून पाठवले.